निवासी शिबिरातली कंदिलाची संध्याकाळ: गाणी, कोडी आणि गोष्ट यांचा क्रम कसा लावावा?

मृद्गंधा

पुढच्या महिन्यात आमच्या शाळेचं एका रात्रीचं शिबिर आहे. पाचवी-सहावीची मिळून ४८ मुलं, आम्ही सहा शिक्षक. जेवणानंतर पावणेआठ ते सव्वानऊ हा दीड तास माझ्याकडे आहे. मोकळं मैदान, तंबू तिथून साठेक पावलांवर, वीज बंद ठेवायची आणि सहा रॉकेलचे कंदील लावायचे एवढं ठरलंय.

गेल्या वर्षीही हेच केलं होतं आणि संध्याकाळ हातातून निसटली. आधी गोष्ट सांगितली, कारण मुलं ताजीतवानी असताना लक्ष देतील असं वाटलं. ती चुळबुळत राहिली. मग कोडी झाली, त्यात तीनचार हुशार मुलांनीच सगळी उत्तरं ओरडून टाकली. शेवटी गाणी घेतली, ती इतकी रंगली की मुलं नाचतच तंबूत गेली आणि साडेअकरापर्यंत कुणी झोपेना. दोन कंदिलांच्या काचा मध्येच काळ्या झाल्या, एका बाजूच्या मुलांना काही दिसेना.

या वेळी नीट करायचंय. क्रम, बैठक, कंदील कुठे ठेवायचे, सगळ्याबद्दल अनुभव सांगा.

रंगपेटी

छान कल्पना! कंदील मुलांकडूनच बनवून घ्या. रंगीत कार्डशीट, जिलेटिन पेपर, आत मेणबत्ती. दुपारी दोन तास मुलं गुंततात आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात स्वतःचा कंदील. सगळ्यात सुंदर कंदिलाला बक्षीस ठेवा.

मृद्गंधा

रंगपेटी, धन्यवाद, पण कागदी कंदील नकोत. अंधारात ४८ मुलांच्या हातात पेटत्या मेणबत्त्या आणि भोवती कागद, हे मी करणार नाही. माझा प्रश्न मुख्यतः कार्यक्रमाच्या रचनेचा आहे.

गवताळवाट

माझं मत: सुरुवातीलाच सगळे कंदील अगदी मंद करा. अंधार झाला की मुलं आपोआप गप्प होतात. मी स्काउटमध्ये असताना आमचे सर तसंच करायचे. अंधाराला स्वतःचा धाक असतो. मग गाणी, कोडी, गोष्ट काहीही घ्या, क्रमाने फरक पडत नाही.

तंबूकर

गवताळवाट यांचं निम्मं बरोबर आहे. उजेड उतरला की आवाज उतरतो, हे मीही कैक शिबिरांत पाहिलंय. पण तो टिकतो तेव्हाच, जेव्हा मुलांच्या अंगातली वाफ आधी निघून गेलेली असते. जेवून उठलेल्या, दिवसभर धावलेल्या पण अजून न दमलेल्या मुलांना एकदम अंधारात बसवलंत तर पाचेक मिनिटं शांतता मिळते. मग कुणीतरी प्राण्याचा आवाज काढतं, कुणी शेजाऱ्याला चिमटा घेतं, आणि ज्या मुलाला अंधाराची भीती आहे ते रडू लागतं. त्यानंतर उजेड वाढवण्यावाचून उपाय राहत नाही, आणि वाढवलेला उजेड पुन्हा उतरवणं फार जड जातं.

मृद्गंधाताई, तुमचा गेल्या वर्षीचा क्रम नेमका उलटा होता. संध्याकाळ ही उताराची वाट समजा. आवाज, हालचाल आणि उजेड, तिन्ही बरोबर खाली यायला हवेत. म्हणून गाणी आधी, कोडी मध्ये, गोष्ट शेवटी. आणि सहाही कंदील सुरुवातीला पूर्ण, मग एकेक कमी.

तुमच्या दीड तासाचा हिशोब मी असा मांडेन. पहिली दहा मिनिटं बसण्यात जातात, ती धरूनच चाला. मग वीस-पंचवीस मिनिटं गाणी, वीस मिनिटं कोडी, पंधरा-अठरा मिनिटं गोष्ट, आणि उरलेली पंधराएक मिनिटं तंबूकडे जाण्यासाठी. ही शेवटची पंधरा मिनिटं लोक धरत नाहीत. सगळी मेहनत तिथेच वाया जाते, कारण "चला, झोपायला!" म्हणून कुणीतरी मोठ्याने ओरडतं आणि ४८ मुलं एकदम उठतात.

बैठकीबद्दल. पूर्ण गोल करू नका, घोड्याच्या नालेसारखं बसवा, एक बाजू उघडी. आतल्या रांगेत २०, बाहेरच्या रांगेत २८. मांडी घालून बसलेल्या मुलाला साधारण ६० सेंटिमीटर लागतात, त्या हिशोबाने आतली रांग मध्यापासून अडीच मीटरवर आणि बाहेरची साडेतीन मीटरवर येते. दुपारीच चुन्याने दोन रेघा मारून ठेवा. अंधारात "मागे सरका, पुढे सरका" करत बसलात तर पहिल्या दहा मिनिटांची वीस होतात. सांगणाऱ्याने उघड्या बाजूला, पण किंचित आत बसायचं, म्हणजे समोरचं सगळ्यात लांबचं मूल पाच-साडेपाच मीटरवर राहतं. तेवढ्या अंतरावर वारा नसेल तर न ओरडता ऐकू जातं.

शब्दवेल्हाळ

तंबूकरांच्या क्रमाला अनुमोदन. फक्त गोष्ट भुताची असू द्या. कंदील, अंधार, मोकळं मैदान, याहून चांगली जागा कुठली मिळणार? मुलं शाळा सोडल्यावरही तीच रात्र आठवतात.

सायली_आई

मी शिक्षिका नाही, एका मुलीची आई आहे. माझी मुलगी श्रवणयंत्र वापरते. ऐकताना ती समोरच्याच्या ओठांकडे बघते, निम्मं तिथून समजतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या शाळेच्या शिबिरात अशीच कंदिलाची गोष्ट होती. घरी आल्यावर मी विचारलं, गोष्ट कसली होती? म्हणाली, "माहीत नाही. सरांचं तोंड काळं दिसत होतं." सरांच्या मागे कंदील ठेवला होता. तासभर ती इतरांकडे बघून हसत होती आणि टाळ्या वाजवत होती.

तुमच्या ४८ मध्ये असं कुणी असेल किंवा नसेल, पण कृपया सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड ठेवा.

तंबूकर

सायलीताई, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मी कंदिलांच्या जागेबद्दल नंतर लिहिणार होतो, आताच लिहितो.

बहुतेक लोक कंदील सांगणाऱ्याच्या पायाशी ठेवतात. खालून आलेल्या उजेडात नाकाची सावली कपाळाकडे चढते, डोळ्यांच्या खाचा काळ्या दिसतात आणि साधा हसरा माणूसही भेसूर वाटतो. मागे ठेवला तर चेहरा पूर्ण काळा, वर मुलांच्या डोळ्यांत थेट ज्योत. बरोबर जागा म्हणजे सांगणाऱ्याच्या पुढे एका बाजूला, हातभराहून थोडा लांब, बसल्यावर छातीच्या उंचीला. एक रुंद बुडाचं, न डुगडुगणारं स्टूल घ्या. शक्य असेल तर दुसऱ्या बाजूला थोडा लांब आणखी एक, म्हणजे अर्धा चेहरा अंधारात जात नाही. ओठ वाचणारं मूल आतल्या रांगेत, उजेडाच्या बाजूला, समोरून किंचित कडेला बसवा. आणि सांगणाऱ्याने मान वळवून बोलायची सवय सोडायची.

बाकीचे चार कंदील मुलांच्या पाठीमागे, बाहेरच्या रांगेपासून दोन मीटर लांब, सपाट फळीवर. समोर ठेवले तर मुलं ज्योतीकडेच बघत बसतात, आणि उजेडाला येणारे किडेही त्यांच्या तोंडावर येतात. मागे ठेवले की पाठीशी उजेड असल्याचा धीर मिळतो आणि नजर पुढे राहते. मात्र मागच्या प्रत्येक कंदिलाजवळ एक मोठं माणूस बसलेलं हवं. काच हाताला लगेच भाजते. वाळूची बादली जवळ ठेवा. सांडलेलं रॉकेल पेटलं तर त्यावर पाणी टाकायचं नाही, आग पाण्याबरोबर पसरते. आणि कंदील तंबूत कधीही न्यायचा नाही. कापड पेटण्याचा धोका आहेच, शिवाय बंद जागेत जळणाऱ्या ज्योतीमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळत नाही.

इलेक्ट्रॉन

एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा बॅटरीवरचे एलईडी कंदील का नाही? ना आग, ना काजळी. पिवळसर उजेडाचे मिळतात आणि मंदही होतात. आमच्या शाळेने रॉकेल बंदच केलंय.

तंबूकर

लहान वर्गांसाठी मीही एलईडीच घेईन. फक्त पांढरे नकोत, पिवळसर घ्या, आणि गाळणीसारखा दुधी कागद लावा म्हणजे डोळ्यांत टोचत नाहीत. पण सहावीच्या मुलांनी वात कमी होताना पाहणं यात मला काहीतरी मोलाचं वाटतं. यावर आमच्याच संस्थेत दोन तट आहेत. ताईंनी शाळेशी बोलून ठरवावं.

मृद्गंधा

शाळेने मधला मार्ग काढलाय. मुलांच्या मागचे चार एलईडी, सांगणाऱ्याजवळचे दोन रॉकेलचे. पण काचा काळ्या का झाल्या होत्या?

तंबूकर

वात पेटवून लगेच मोठी केली असणार. पेटवताना बर्नर थंड असतो. तो तापत गेला की किल्लीला हात न लावताही ज्योत वाढते. म्हणून आधी लहान ठेवायची, दहा मिनिटं थांबायचं, मग हवी तेवढी करायची. मोठी करून तुम्ही मुलांना बसवायला गेलात की परत येईपर्यंत काच काळी.

दुसरं कारण म्हणजे वात वाकडी कापलेली असणं. ज्योतीला एका बाजूला शेंडी फुटलेली दिसली की समजा, तिथे वातीचं टोक वर राहिलंय. दिवसाउजेडी कात्रीने सरळ कापा, दोन्ही कोपरे जरासे गोल करा. वात नवी असेल तर रॉकेल भरल्यावर अर्धा तास भिजू द्या. टाकी काठोकाठ भरू नका, आणि गरम कंदिलात परत भरू नका.

सुरपेटी

गाण्यांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहिते. मी संगीत शिकवते.

अंधारात मुलांना कागद वाचता येणार नाही. त्यामुळे ज्या गाण्यात मुलांच्या वाट्याला एकच ओळ येते तीच निवडा. तुम्ही ओळ म्हणायची, मुलांनी मागून म्हणायची. चार गाणी पुरेत. पहिलं उभं राहून, अंग हलवत. दुसरं बसून, अर्ध्यांनी विचारायचं, अर्ध्यांनी उत्तर द्यायचं. तिसरं टाळ्यांशिवाय. चौथं जवळजवळ गुणगुणत.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. पुरुष शिक्षक स्वतःच्या पट्टीत सुरू करतात, मुलांना तितकं खाली जाता येत नाही, मग ती सूर सोडून ओरडतात. तुम्हाला जी पट्टी थोडी उंच वाटते ती मुलांना सोपी असते. कळायचं कसं? खालच्या सुरांवर मुलांचे आवाज अचानक गळाले, ओठ हलतायत पण ऐकू येत नाही, की समजा पट्टी खाली आहे. दुसरं, टाळ्या सुरू झाल्या की लय धावते. ४८ मुलं मिळून तिसऱ्या कडव्यापर्यंत दीडपट वेगात पोचतात. टाळी मांडीवर घ्यायला सांगा, आवाजही मऊ होतो आणि लय सावरता येते.

मृद्गंधा

सुरपेटीताई, पट्टीचं आमच्याकडे अगदी असंच झालं होतं. आता कोडी! ती तीनचार मुलं या वेळीही आहेत.

शब्दवेल्हाळ

कोड्यांत मी काम केलंय, हे मात्र खात्रीने सांगतो. उत्तर तोंडाने द्यायचंच नाही असा नियम करा. ज्याला सुचलं त्याने मूठ छातीवर ठेवायची. दहाएक मुठी दिसेपर्यंत थांबायचं. मग सगळ्यांनी एकदम, कुजबुजत. पहिल्याला बक्षीस नाही, गुण नाहीत. आणि कोडं दोनदा म्हणायचं, दुसऱ्यांदा सावकाश. मूल अंधारात ऐकतं तेव्हा त्याला चित्र जुळवायला वेळ लागतो.

कोडी समोर दिसणाऱ्या गोष्टींची घ्या. मी अशा वेळी स्वतः बांधतो. ही तीन वापरा:

दिवा लागता येते मी,
दिवा विझता जाते मी,
दिव्यापाशी सरकाल तर
भिंतीभर होते मी.

पाय तेलात, डोकं जाळात,
राहते काचेच्या महालात.

दिवा आहे, वात नाही,
उजेड आहे, ऊब नाही,
वारा त्याला विझवत नाही,
हाताने कुणी लावत नाही.

सावली, वात, काजवा. पहिल्याचं उत्तर आलं की मागे एक पांढरी चादर धरा आणि तळहात कंदिलाजवळ नेत न्या. चादरीवरचा हात वाढत जातो तेव्हा मुलांच्या तोंडून जो आवाज निघतो, तो ऐकण्यासारखा असतो. सहा-सात कोडी खूप झाली.

तंबूकर

मुठीचा नियम उत्तम. मी घेतो. पण भुताच्या गोष्टीला माझा विरोध आहे. ही मुलं गोष्ट संपल्यावर अनोळखी जागी, आईबाबांपासून दूर झोपणार आहेत. मैदानात दहा जणांबरोबर मजा वाटलेली भीती रात्री दोनला लघवीला उठताना एकट्याची होते. मग मूल उठतच नाही, आणि सकाळी ओल्या अंथरुणाची लाज घेऊन बसतं. मी हे पाहिलंय.

शब्दवेल्हाळ

मीही पाचवीला भुताची गोष्ट सांगणार नाही. पण आठवी-नववीला सांगतो आणि सांगत राहीन. भीती वाटूनही काही झालं नाही, हा अनुभव त्या वयात हवा. हे आपलं जमायचं नाही.

तंबूकर

आठवीचा प्रश्न वेगळा, तिथे मी अडून बसत नाही. ताईंची मुलं दहा-अकराची आहेत. त्यांच्यासाठी गोष्टीत एक पालुपद ठेवा, जे मुलं म्हणतील, आणि दर वेळी आवाज उतरवत न्या. गोष्टीचा शेवट घरी, अंथरुणात व्हायला हवा. शेवटच्या वाक्यासोबत तुम्ही स्वतः वात खाली करा.

चंद्राचाही विचार करा. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो, त्यानंतर रोज पाऊण-एक तास उशिरा. पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांची तारीख मिळाली तर गोष्टीच्या सुमाराला तो वर येतो आणि तंबूकडे जायला वाट दिसते. आणि टॉर्च सगळ्यांचे आधीच जमा करा. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, एका टॉर्चच्या झोतात ते सगळं जातं.

मृद्गंधा

(पाच आठवड्यांनी)

शिबिर झालं. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंत.

तारीख पौर्णिमेनंतरची मिळाली नाही, चंद्र नव्हताच. चुन्याच्या रेघा मात्र दुपारी मारल्या आणि मुलं सात मिनिटांत बसली. गाणी पंचवीसऐवजी पस्तीस मिनिटं चालली. दुसऱ्या गाण्यात दोन्ही बाजू इतक्या ईर्ष्येला पेटल्या की मला थांबवता येईना. शेवटी मी पुढची ओळ म्हटलीच नाही, फक्त तोंड हलवलं. पुढच्या रांगेतली मुलं मला ऐकायला गप्प झाली, मग मागची. तिसऱ्या गाण्याला मांडीवरची टाळी घेतली. तेव्हा मागचे दोन एलईडी बंद केले.

कोड्यांना त्यामुळे बाराच मिनिटं मिळाली, चारच झाली. मुठीचा नियम दोनदा मोडला. वातीच्या कोड्याला एका मुलाने "कंदील!" असं ओरडून टाकलं आणि ते चुकलं. त्यानंतर कुणी घाई केली नाही. ज्या मुलीला मी वर्षभरात कधी हात वर करताना पाहिलं नव्हतं, तिची मूठ काजव्याला सगळ्यांत आधी छातीवर गेली. मी काही बोलले नाही, फक्त तिच्याकडे बघितलं. तिने मूठ आणखी घट्ट दाबली.

गोष्ट मीच रचली. तापाने पडलेल्या आजीसाठी औषध आणायला एक मुलगी रात्री टेकडी ओलांडते. हातात एक कंदील. वाटेत ओढा, बांबूचं बन, पडका पूल आणि धुकं. प्रत्येक ठिकाणी ती थबकते, मी विचारते, "उजेड किती?" आणि मुलं म्हणतात, "पावलापुरता!" मग ती एक पाऊल टाकते. ओढ्याला ४८ मुलं ओरडली. बांबूच्या बनात मी आवाज उतरवला, तीही उतरली. पुलावर मागचे उरलेले दोन एलईडी बंद झाले. धुक्यात आले तेव्हा मी फक्त ओठ हलवले, आणि समोरून जो "पावलापुरता" आला तो वाऱ्यासारखा होता. शेवटी मुलगी आजीच्या कुशीत शिरते, कंदील उशाशी ठेवते, वात खाली करते. मीही केली. अर्ध्या मिनिटात कुणी हललं नाही.

सायलीताई, श्रवणयंत्र वापरणारं मूल आमच्यात नव्हतं, तरी दोन्ही कंदील तुम्ही आणि तंबूकरांनी सांगितलं तसे बाजूला, छातीच्या उंचीला ठेवले. मागच्या रांगेतला एक मुलगा दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बाई, पुलावर तुमचेच डोळे घाबरले होते."

तंबूकडे जाताना मात्र गडबड झाली. मी गटागटाने पाठवायचं ठरवलं होतं, आठ-आठ मुलं, प्रत्येक गटापुढे एक शिक्षक पिवळा एलईडी जमिनीकडे धरून. पहिला गट तंबूत पोचला आणि तिथे बोलू लागला. मैदानात बसलेल्यांना ते ऐकू आलं, आणि शांतता तुटली. तरी दहा वाजेपर्यंत बहुतेक झोपले. दोन मुलांना घरची आठवण आली, त्यांच्याशी एक सहकारी बराच वेळ बसली.

सुरपेटी

गाणं न म्हणता ओठ हलवून थांबवलंत, हे मी माझ्या वर्गात करून बघणार आहे. गटांबद्दल: चौथ्या गाण्याची गुणगुण चालू ठेवून पाठवा. जाणारे गुणगुणत जातील, बसलेले गुणगुणत राहतील, तंबूत पोचल्यावर थांबायचं. तोंडात सूर असला की बोलणं होत नाही.

तंबूकर

किंवा सगळ्यांत शांत गट आधी पाठवा, आणि त्या तंबूत एक मोठं माणूस आधीपासून अंथरुणावर बसलेलं असू द्या. मी बहुधा हेच करतो. गुणगुणत पाठवणं मी कधी केलेलं नाही. चढाची वाट असेल तर मुलं धापा टाकतील, सपाटीवर जमेलसं वाटतं.

सायली_आई

मृद्गंधाताई, ती गोष्ट पूर्ण लिहून द्याल का? मुलीला वाचून दाखवायची आहे. कंदील आमच्याकडे आहे.

मृद्गंधा

रविवारी बसून लिहिते. पुलावरचा भाग मी दर वेळी थोडा वेगळा सांगते, त्यातला कुठला द्यायचा ते ठरवायला हवं.